R-1 च्या जॅकेटचे दोन लूप : कुपवाडच्या कामाच्या नोंदी

४ मार्च

कुपवाड एमआयडीसीतल्या इमल्शनच्या कारखान्यात आज पहिला पूर्ण दिवस गेला. इथे स्टायरीन-ॲक्रिलिक इमल्शन बनतं आणि बराचसा माल बाइंडर म्हणून इचलकरंजीच्या कापडवाल्यांकडे जातो. तक्रार एकच आहे. R-1 रिॲक्टरचं तापमान मोनोमरची फीड चालू असताना मध्येच चढतं. ते ८२ अंशांवर राहायला हवं, पण अधूनमधून ८३ च्या वर जातं. मग ऑपरेटर फीड कमी करतात आणि तीन तासांची फीड पावणेचार तासांवर जाते.

यंत्रणा साधी आहे. दोन टनांची बॅच, बाहेरून जॅकेट आणि जॅकेटमधून पंपाने फिरणारं पाणी. तापवायचं असेल तर त्या फिरत्या पाण्यात वाफ सोडतात, थंड करायचं असेल तर कूलिंग टॉवरचं पाणी सोडतात आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोने परत जातं. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच कंट्रोलरच्या आउटपुटवर विभागलेले आहेत : शून्याला कूलिंग पूर्ण उघडा, पन्नासला दोन्ही बंद, शंभरला वाफ पूर्ण उघडी. तो कंट्रोलर फक्त रिॲक्टरच्या आतलं तापमान बघतो. जॅकेटच्या तापमानाला पाइपवर एक डायलचा थर्मामीटर आहे, बाकी काही नाही.

संध्याकाळी ऑपरेटर मामांपाशी बसलो. वीस वर्षं याच प्लॅटफॉर्मवर आहेत. मी विचारलं, "मामा, ताप कधी चढतो, काही अंदाज?"

"अंदाज कसला साहेब, ठरलेलंच हाय. तिकडं दोन नंबरचा कंडेन्सर सोडला की इकडं पाचसात मिनिटांनी ताप चढाय लागतो."

मामांच्या या वाक्यात सगळं निदान आहे, असं मला तेव्हाच वाटलं. तरी मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं.

६ मार्च

कूलिंग वॉटरच्या हेडरवर, म्हणजे मुख्य पाइपवर, प्रेशर ट्रान्समीटर तात्पुरता जोडला आणि एक पूर्ण बॅच ट्रेंडवर टिपली. मामा बरोबर होते.

११.४२ ला दुसऱ्या रिॲक्टरच्या, म्हणजे R-2 च्या, कंडेन्सरचा व्हॉल्व्ह उघडला आणि हेडरचं प्रेशर २.६ वरून १.४ वर आलं. ११.४९ ला रिॲक्टर जेमतेम ०.२ अंशाने वर सरकला होता. १२.०६ ला तो ८३.३ वर पोचला आणि मग हळूहळू उतरला. म्हणजे गडबड झाल्यापासून शिखरापर्यंत २४ मिनिटं.

आकडे मांडून बघितले. फीड ताशी ३०० किलो. या मोनोमरच्या मिश्रणातून किलोमागे साधारण ६५० किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे ५४ किलोवॅट. त्यातली आठेक किलोवॅट थंड फीड तापण्यात जाते. उरलेली ४६ किलोवॅट जॅकेटने ओढून घ्यायची. भिंतीतून दर अंशाच्या फरकाला सुमारे २.१ किलोवॅट जातात, म्हणून जॅकेट रिॲक्टरपेक्षा २२ अंशांनी थंड, साठच्या आसपास ठेवावं लागतं. चालू बॅचमध्ये ते तसंच दिसलं. हे आकडे फीड संपत आल्यावर जमतात. सुरुवातीला रिॲक्टर अर्धाच भरलेला असतो आणि जॅकेटचा वरचा भाग कामाचा नसतो, पण वस्तुमान आणि ओलं क्षेत्रफळ बरोबरीने वाढत जातात, त्यामुळे रिॲक्टरचा वेग ढोबळमानाने तोच राहतो.

आता प्रेशर २.६ वरून १.४ वर आलं तर व्हॉल्व्ह जिथे आहे तिथेच असूनही पाणी वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. ते २७ टक्के कमी झालं, म्हणजे १२ किलोवॅटची ओढ अचानक नाहीशी झाली. आधी जॅकेटच्या ३०० लिटर पाण्याला गरम व्हायला लागतं, मग ती उष्णता दोन टनांच्या बॅचमध्ये मुरते, आणि त्यानंतर कंट्रोलरला काहीतरी बिघडल्याचं कळतं. तोपर्यंत जॅकेट तीन अंशांनी चढलेलं असतं. कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडायला लागतो तेव्हा त्याला आजची गडबड तर आवरायचीच असते, शिवाय मधल्या दहा मिनिटांत साठलेली उष्णताही परत काढायची असते.

या कंट्रोलरचं ट्यूनिंग वाईट नाही. मी गेन, म्हणजे तापमानातल्या फरकाला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा, थोडा वाढवून बघितला तर रिॲक्टर ०.४ अंशाने डोलायला लागला. या एका लूपकडून आणखी काही निघणार नाही.

८ मार्च

मालकांशी बोलणं झालं. त्यांनी थेट विचारलं, "मग हेडरवर प्रेशर रेग्युलेटर बसवला तर भागणार नाही का?"

प्रश्न रास्त आहे आणि मी तसंच सांगितलं. रेग्युलेटरने प्रेशरचा धक्का बराचसा थांबेल. पण तो रिॲक्टरच्या व्हॉल्व्हआधी १.४ च्याही खाली प्रेशर धरून ठेवेल, म्हणजे गरजेच्या वेळी पाणी कमी पडेल. शिवाय टॉवरच्या पाण्याचं तापमान बदललं, व्हॉल्व्हचा दांडा अडखळला, वाफेचं प्रेशर पडलं, यातलं काहीच त्याला कळत नाही. या सगळ्या गोष्टी शेवटी एकाच जागी उमटतात : जॅकेटमध्ये शिरणाऱ्या पाण्याच्या तापमानात. ते मोजलं आणि त्याच्यावर स्वतंत्र कंट्रोलर बसवला की या सगळ्यांचा बंदोबस्त जॅकेटमध्येच होतो.

म्हणजे कॅस्केड. आतला लूप जॅकेटच्या पाण्याचं तापमान धरून ठेवतो आणि व्हॉल्व्ह हलवतो. बाहेरचा लूप रिॲक्टर बघतो आणि व्हॉल्व्हला हात न लावता आतल्या लूपला फक्त सांगतो, जॅकेट किती अंशांवर ठेव. पीएलसीत जागा आहे. एक सेन्सर, तो ज्यात बसतो ती पाण्यात बुडणारी बंद नळी म्हणजे थर्मोवेल, एक इनपुट आणि माझे दिवस, एवढाच खर्च. मंजूर झाला.

स्क्रीनवर नावं ठरली : बाहेरचा TIC-101, आतला TIC-102.

१३ मार्च

घाई नडली. जॅकेटच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर जुना नोझल होता, थर्मोवेलसकट. वेल्डिंग वाचेल म्हणून सेन्सर तिथेच घातला आणि आतला लूप चालू केला.

तो सहा मिनिटांच्या पाळीने झुलायला लागला. गेन कमी केला की झुलणं थांबायचं, पण मग तो इतका मंद व्हायचा की बाहेरच्या लूपपेक्षा फारसा वेगवान राहायचा नाही. अशा अवस्थेत दोन्ही लूप एकमेकांच्या वाटेत येतात. बाहेरचा नवा सेटपॉइंट देतो, आतल्याला अजून जुनाच गाठायचा असतो. बाहेरच्याला वाटतं आपलं ऐकलं नाही, म्हणून तो आणखी रेटतो. रिॲक्टर दिवसभर ८१.५ ते ८२.६ मध्ये हेलकावे खात होता. एका लूपवर शांत दिवशी तो याहून बरा असायचा.

ओळखायची खूण नोंदवून ठेवतो. दोन्ही ट्रेंड एकावर एक ठेवले तर जॅकेट आणि रिॲक्टर एकाच पाळीने, थोडे मागेपुढे, झुलताना दिसतात. तसं दिसलं की आतला लूप पुरेसा चपळ नाही. आतला निदान तीन ते पाच पट वेगवान असावा, नाहीतर कॅस्केड लावून नुकसानच होतं. रात्री परत एका लूपवर टाकून आलो.

१५ मार्च

मंदपणा कुठून येतो ते शोधलं. दोन कारणं सापडली.

पहिलं, पाण्याचा प्रवास. पंप ताशी १५ घनमीटर फिरवतो आणि जॅकेट-पाइप मिळून ३०० लिटर आहेत, म्हणजे एक फेरी ७२ सेकंदांची. व्हॉल्व्हमधून सोडलेलं थंड पाणी पूर्ण जॅकेट फिरून बाहेर येईपर्यंत त्या सेन्सरला काहीच कळत नाही.

दुसरं कारण थर्मोवेल. ते काढून आणलं आणि स्टोअरमध्ये एक चाचणी केली. मोठ्या पातेल्यात ८० अंशांचं पाणी ठेवलं आणि मेंटेनन्सच्या पोराला काठीने ढवळत राहायला सांगितलं. थर्मोवेल ३० अंशांवर होतं. ते पाण्यात बुडवलं आणि घड्याळ चालू केलं. एकूण फरक ५० अंशांचा, त्याचे ६३ टक्के म्हणजे साडेएकतीस, म्हणून ६१.५ अंश दिसायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ८५ सेकंद लागले. आतला सेन्सर, म्हणजे आरटीडी, बाहेर ओढून बघितला तर थर्मोवेल आतून कोरडं होतं, आणि आरटीडीच्या टोकाखाली तळापर्यंत बोटभर जागा रिकामी होती. म्हणजे सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या थराचं तापमान सांगत होता.

मग टोकाला बारीक होत गेलेलं थर्मोवेल घेतलं, त्यात चमचाभर थर्मिक ऑइल घातलं आणि स्प्रिंगचा आरटीडी तळाला टेकेल असा बसवला. पुन्हा तेच पातेलं, तेच ढवळणं. २२ सेकंद. पोराने विचारलं, "दादा, नुसत्या तेलानं एवढा फरक?" नुसत्या तेलाने नाही, पण तेल आणि तळाला टेकणं यांचा त्यात मोठा वाटा आहे. असं पातेलं दर कामाच्या आधी लावायला हवं.

१९ मार्च

साप्ताहिक सुट्टीत पाइप कापून पंपाच्या डिस्चार्जवर, जॅकेटमध्ये पाणी शिरण्याआधी, नवा नोझल बसवला. वाफ आणि थंड पाणी पंपाच्या आधी मिसळतात, पंपात चांगले घुसळले जातात आणि लगेच सेन्सरपाशी येतात. प्रवासाचा वेळ काही सेकंदांवर आला.

आरटीडीची तार तुटली तर वाचन वरच्या टोकाला जाईल असं दोन्ही ट्रान्समीटरवर ठेवलं. मग कंट्रोलर समजेल की फार गरम आहे आणि पूर्ण कूलिंग देईल. हवेचं प्रेशर गेलं तरी कूलिंगचा व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफेचा बंद होतो, ते हाताने एअर बंद करून तपासलं. ८६ अंशांना मोनोमरचा पंप बंद करणारा वेगळा स्विच आधीपासून आहे. तो या कंट्रोलरच्या वाटेला न जाता थेट तारेने जोडलेला आहे, तो तसाच राहिला.

२१ मार्च

आधी आतला लूप, बाहेरचा मॅन्युअलवर. हा क्रम उलटा केला तर चालत नाही, कारण बाहेरच्याला जे दिसतं त्यात आतला लूप मुरलेला असतो.

कूलिंगची चाचणी नुसत्या पाण्यावर होत नाही. पाण्याची ट्रायल उष्णता देत नाही, म्हणून ८२ अंशांवर कूलिंगचा व्हॉल्व्ह बंदच राहतो. त्यामुळे खऱ्या बॅचमध्ये, फीड स्थिर असताना, मामा शेजारी उभे असताना ती केली. कूलिंगचा व्हॉल्व्ह ४० वरून ४५ टक्क्यांवर नेला. जॅकेटचं तापमान २० सेकंदांत अर्ध्या अंशाने पडलं आणि मग सहा मिनिटांच्या चालीने एकूण २.९ अंश उतरलं. रिॲक्टर तेवढ्यात ०.४ ने हलला, ते परवडतं.

या वागण्याचे दोन भाग आहेत, आणि इथे थोडं थांबून लिहावंसं वाटतं. पहिला झटका मिसळण्याचा आहे : थंड पाणी वाढलं की फिरत्या पाण्याचं तापमान जागच्या जागी पडतं. नंतरची उतरण सगळं जॅकेट थंड होण्याची आहे. सहा मिनिटांचा एकच वेळ धरून गणित केलं तर बराच मोठा गेन चालेल असं दिसतं. पण त्या पहिल्या झटक्यासमोर मोठा गेन ठेवला तर व्हॉल्व्ह फडफडायला लागतो. मी दर अंशाला १३ टक्के ठेवून बघितला आणि व्हॉल्व्हचा दांडा शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली व्हायला लागला. शेवटी दर अंशाला साडेचार टक्के व्हॉल्व्ह आणि सहा मिनिटांचा इंटिग्रल ठेवला, म्हणजे उरलेल्या फरकाची बेरीज करत तो भरून काढणारा भाग. डेरिव्हेटिव्ह नाही. सेटपॉइंट दोन अंशांनी बदलला की जॅकेट सुमारे दोन मिनिटांत बराचसा तिथे पोचतं.

वाफेच्या बाजूला तेवढाच व्हॉल्व्ह कितीतरी जास्त उष्णता देतो, म्हणून आउटपुट पन्नासच्या वर असताना गेन अर्धा केला. दोन्ही व्हॉल्व्हच्या मध्ये ४८ ते ५२ अशी मोकळी जागा ठेवली, नाहीतर ते आलटून पालटून उघडत राहतात.

२२ मार्च

बाहेरचा लूप. रिॲक्टरचा स्वतःचा वेळ ४८ मिनिटांच्या घरात येतो : दोन टन माल, किलोला तीन किलोज्यूल, भागिले २.१ किलोवॅट. आतला लूप आणि रिॲक्टरचा सेन्सर मिळून तीनेक मिनिटांचा उशीर. दहा मिनिटांत सावरायचं ठरवलं तर गेन ४८ भागिले १३, म्हणजे ३.७. मी साडेतीन ठेवला. रिॲक्टर एका अंशाने चढला तर जॅकेट साडेतीन अंशांनी खाली मागायचं. इंटिग्रल ४० मिनिटं. प्लॅटफॉर्मवर ४० मिनिटं ऐकून सगळ्यांना नवल वाटलं, पण दोन टनांचं भांडं आहे. इथे इंटिग्रल दहा मिनिटांवर आणला की ते हेलकावे घेणारच.

२४ मार्च

चूक झाली आणि ती पूर्णपणे माझी.

बॅच तापवताना मामांनी आतला लूप कॅस्केडमधून काढला आणि लवकर तापावं म्हणून जॅकेटला ९० चा सेटपॉइंट दिला. ही त्यांची रोजची पद्धत आहे आणि त्यात काही गैर नाही. पण तेवढ्या वेळात बाहेरचा लूप कोणी ऐकत नसतानाही बेरीज करत राहिला. रिॲक्टर ६० ला, हवं ८२ ला, म्हणून त्याचं आउटपुट वाढत वाढत वरच्या मर्यादेला जाऊन बसलं आणि इंटिग्रल भरत राहिला. रिॲक्टर ८० ला आल्यावर मामांनी कॅस्केड दाबला. बाहेरच्याने ९२ मागितले आणि रिॲक्टर ८२ ओलांडून गेला तरी मागत राहिला. तापमान ८४.६ पर्यंत गेलं. फीड सुरू झालेली नव्हती म्हणून निभावलं, पण ती सुरू करायला ३५ मिनिटं थांबावं लागलं. मामा एका शब्दाने बोलले नाहीत. मीच त्यांना सांगितलं की बटण तुम्ही बरोबर दाबलंत, ते पेलण्याची सोय मी केलेली नव्हती.

संध्याकाळी घातलेली सोय :

```
IF TIC102.MODE <> CAS THEN
    TIC101.TRK    := TRUE;
    TIC101.TRKVAL := TIC102.SP;
ELSE
    TIC101.TRK := FALSE;
END_IF;
TIC102.RSP := LIMIT(35.0, TIC101.OUT, 92.0);
```

आतला लूप कॅस्केडमध्ये नसेल तेव्हा बाहेरच्याचं आउटपुट आतल्याच्या चालू सेटपॉइंटला चिकटून राहतं. त्यामुळे ८० अंशांवर कॅस्केड दाबला तर सुरुवात ९० पासूनच होते, धक्का बसत नाही, आणि रिॲक्टर उरलेले दोन अंश चढेपर्यंत साडेतीनच्या गेनने मागणी सात अंशांनी खाली येते.

याने अर्धंच काम होतं. कॅस्केड चालू असतानाही वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर आतल्या लूपच्या हातात काही उरत नाही, आणि बाहेरचा पुन्हा बेरीज करत बसतो. त्यासाठी बाहेरच्या लूपच्या इंटिग्रलला त्याच्या स्वतःच्या आउटपुटऐवजी जॅकेटचं खरं तापमान पुरवलं. जॅकेट जितकं प्रत्यक्षात गेलं तितकंच त्याने धरायचं.

२५ मार्च

तीच पद्धत, तेच ९०, तेच बटण. ८२.३ पर्यंत जाऊन स्थिर. मामा म्हणाले, "आता बरं हाय."

२९ मार्च

ज्यासाठी हे सगळं केलं ती चाचणी. मालकांच्या परवानगीने फीडच्या मधल्या तासात R-2 चा कंडेन्सर मुद्दाम उघडला. हेडर पुन्हा २.६ वरून १.४ वर.

जॅकेट वीस-पंचवीस सेकंदांत वर सरकायला लागलं आणि आतला लूप तेव्हाच व्हॉल्व्ह उघडायला लागला. जॅकेट जास्तीत जास्त १.२ अंशाने चढलं आणि दहा मिनिटांत जागेवर आलं. कूलिंगचा व्हॉल्व्ह ४० वरून ४८ टक्क्यांवर जाऊन स्थिरावला, म्हणजे कमी प्रेशरमध्ये तेवढंच पाणी सोडायला जितका उघडायला हवा तितका. रिॲक्टर ८२.२ च्या वर गेला नाही.

६ मार्चला १.३ अंश, आज ०.२. गडबड तीच, पाणी तेच, व्हॉल्व्हही तोच.

दुपारी बाहेर ३९ अंश होते. टॉवरचं पाणी मात्र २८ लाच होतं, कारण ते हवेच्या उकाड्यापेक्षा दमटपणावर जास्त अवलंबून असतं आणि आत्ता हवा कोरडी आहे. जूनमध्ये ढग आले की बाहेर ३० असूनही पाणी याहून गरम मिळेल. तोही फरक आतल्या लूपच्याच वाट्याला येईल, म्हणून त्यासाठी वेगळं काही करायचं कारण नाही.

३ एप्रिल

मालक खूश आहेत आणि आता सगळ्याच गडबडी मिटल्या असं त्यांना वाटतंय. ते तसं नाही, हे दाखवायला आज दुसरी चाचणी केली.

मोनोमरची फीड ताशी ३०० वरून ३६० किलो केली. उष्णता साधारण ९ किलोवॅटने वाढली. पण ही उष्णता जॅकेटमधून येत नाही, थेट रिॲक्टरच्या पोटात तयार होते. आतल्या लूपच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं : जॅकेट सांगितलेल्या तापमानावर आहे. गडबड पहिल्यांदा रिॲक्टरच्या सेन्सरलाच कळते, आणि मग बाहेरचा लूप त्याच्या सावकाश चालीने सावरतो.

कॅस्केडवर रिॲक्टर ०.९ अंशाने चढला. पुढच्या बॅचला हेच जुन्या एका लूपवर करून बघितलं : १.१ अंश. थोडा फायदा झाला, कारण आतल्या लूपने जॅकेटची सहा मिनिटांची सुस्ती दोन मिनिटांवर आणली आणि बाहेरचा थोडा कडक ट्यून करता आला. पण एवढ्यासाठी कोणी पाइप कापू नये. हेडरच्या धक्क्याला सहा पटींनी फरक पडला, फीडच्या धक्क्याला पाचव्या हिश्शाने.

मालकांना ट्रेंडचे दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "म्हणजे गडबड कुठून शिरते ते आधी बघायचं?" हो, तेच.

१० एप्रिल

फीडच्या धक्क्याला वेगळा उपाय आहे : फीडचा फ्लोमीटर आहेच, त्याचं वाचन थेट कामाला लावायचं. ताशी एक किलो फीड वाढली की सुमारे ०.१५ किलोवॅट वाढतात, त्यांना २.१ ने भागलं की ०.०७ अंश. म्हणून फीड ताशी ६० किलोने वाढली तर बाहेरच्या लूपच्या आउटपुटमधून ४.३ अंश आपोआप वजा. हे बेरीज-वजाबाकीचं काम बाहेरच्या लूपनंतर आणि मर्यादेच्या आधी बसवलं.

३०० वरून ३६० करून बघितलं : ०.३ अंश. यात कॅस्केडची मदत अशी की "जॅकेट ४.३ अंशांनी थंड कर" हा आदेश घ्यायला कोणीतरी आहे. एकच लूप असता तर ४.३ अंश म्हणजे व्हॉल्व्ह किती टक्के, हे प्रेशर आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे रोज बदललं असतं.

भिंतीवर थर साचला की २.१ चा आकडा घटेल आणि ०.०७ कमी पडायला लागेल. त्याची खूण म्हणजे स्थिर फीडला जॅकेट आणि रिॲक्टरमधला फरक, जो आज २२ आहे. तो फरक प्रत्येक बॅचच्या शेवटी स्क्रीनवर नोंदला जाईल असं केलं. २६ च्या पुढे गेला की भांडं धुवायला काढायचं, हे मामांशी बोलून ठरवलं.

१८ एप्रिल

R-2 लाही असंच करून द्या, असं मालक म्हणाले. आज दिवसभर ते बघितलं आणि नाही म्हणालो.

R-2 ला फिरवणारा पंप नाही. टॉवरचं पाणी एका बाजूने जॅकेटमध्ये जातं आणि दुसरीकडून निघतं, त्यामुळे प्रवाह कमी केला की पाणी जॅकेटमध्ये रेंगाळतं आणि बाहेरच्या टोकाचा सेन्सर आणखी उशिरा सांगतो. आत शिरताना मोजलं तर फक्त टॉवरचं तापमान दिसतं. आतल्या लूपला धरायला इथे चपळ असं काही नाही. आधी पंप आणि फिरतं पाणी हवं, मगच दुसऱ्या लूपचा विचार.

शिवाय तिथे गरजही नाही. R-2 मध्ये बॅच फक्त शिजवून थंड करतात, उष्णता तयार होत नाही आणि तीन अंश इकडेतिकडे चालतात. महिन्याभराच्या ट्रेंडवर हेडरचे धक्के दिसतात, पण तापमान त्या तीन अंशांच्या आतच आहे. एकच लूप ठेवला, इंटिग्रल १२ वरून ३० मिनिटांवर नेला आणि आउटपुट शंभरला अडकलं की बेरीज थांबेल एवढं केलं. तेवढ्याने त्याचे हेलकावे गेले.

R-1 च्या कूलिंग व्हॉल्व्हची ग्रंथी थोडी घट्ट वाटतेय, उलटताना दोनेक टक्के अडखळतो. जॅकेटच्या ट्रेंडवर बारीक करवतीचे दात दिसायला लागलेत. सोमवारी पॅकिंग बदलायचं.